भाऊ बोलत नाही, हलत नाही, हात वर केला तर तसाच ठेवतो: हे नाटक नाही, कॅटाटोनिया असू शकतं

प्रश्न: माझा लहान भाऊ २३ वर्षांचा आहे. चार दिवस झाले एक शब्द बोललेला नाही. तासन्‌तास एकाच जागी बसून असतो, डोळे उघडे असतात. हात वर केला तर तसाच वर धरून ठेवतो. काल सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. घरातले काही जण म्हणतात नाटक करतोय, लक्ष देऊ नका. एका डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्यात, पण तो गिळतच नाही. अजून थोडे दिवस वाट बघावी का?

उत्तर:

नाही, वाट बघू नका. आजच न्या, आणि अशा हॉस्पिटलला न्या जिथे इमर्जन्सी विभाग आहे आणि फिजिशियन आणि सायकियाट्रिस्ट दोघं बघू शकतील. उरलेलं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे न बोलणं, न हलणं आणि हात ठेवला तसा राहणं, या तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र दिसल्या की माझ्या डोक्यात पहिलं नाव कॅटाटोनियाचंच येतं. आणि काल सकाळपासून पाणी नाही हे वाक्य तुम्ही मधेच टाकलंय ना, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

निघताना चार गोष्टी. मोबाईलवर त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कारण हे लोक कधीकधी गाडीत बसवेपर्यंत थोडे हलायला लागतात आणि मग तिथल्या डॉक्टरांना 'बरा तर दिसतोय' असं वाटतं. आधीची सगळी औषधं बरोबर घ्या, आणि गेल्या महिन्याभरात एखादं औषध, विशेषतः झोपेचं किंवा मानसिक आजाराचं, अचानक बंद केलं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने पण कॅटाटोनिया होऊ शकतो. शेवटची लघवी कधी झाली ते आठवून ठेवा. आणि चौथं म्हणजे जबरदस्तीने तोंडात पाणी ओतू नका. तो गिळत नसेल तर ते पाणी फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनियाशी वेगळं भांडावं लागतं.

आता हे असतं काय ते सांगतो. माझ्या एका पेशंटवरून सांगतो म्हणजे नीट कळेल (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत).

साधारण पंचविशीतली मुलगी, व्हीलचेअरवरून आणलेली, पाचवा दिवस. त्याआधी एका ठिकाणी नेलं होतं तिथे 'ऐकत नाही, चिडचिडी झालीय' म्हणून हॅलोपेरिडॉल या सायकोसिसच्या औषधाचं इंजेक्शन दिलेलं, आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर ती जास्तच लाकडासारखी झाली. मी समोर बसलो, नाव विचारलं, काही नाही. डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी, पापणी मिनिटाला एखाद्‌ दोन वेळा लवत असेल. हे जे सगळं थांबून जाणं आहे त्याला आम्ही स्टुपर म्हणतो, आणि बोलणं पूर्ण बंद किंवा जवळपास बंद होणं म्हणजे म्युटिझम. लोकांना वाटतं स्टुपर म्हणजे बेशुद्धी. तसं नाहीये. ही मुलगी जागी होती, आणि जागी किती होती ते तिने आठवड्याने मला सांगितलं, त्यावर येतोच.

मग मी तिचा उजवा हात मनगटाला धरून हळूच वर उचलला. सुरुवातीला किंचित विरोध जाणवला, मेणबत्ती थोडी गरम करून वाकवताना जाणवतो तसा, आणि मग हात माझ्या मागे आला. खांद्याच्या उंचीला सोडून दिला. हात तिथेच. मी घड्याळ लावून बसलो, तीन मिनिटं होऊन गेली तरी तो हात हवेत. तुम्ही स्वतः खुर्चीत बसून असा हात धरून बघा, किती लवकर थरथरायला लागतो ते कळेल. नाटक करणाऱ्याला हे इतकं शांतपणे जमत नाही. नंतर तिला झोपवलं आणि डोक्याखालची उशी काढली, तर डोकं गादीपासून चार बोटं वर तसंच राहिलं, जणू उशी अजून आहेच. आणि एक परीक्षा मी नेहमी करतो, हात पुढे करायचा आणि तोंडाने ठामपणे म्हणायचं, 'माझ्याशी हात मिळवू नका.' तिचा हात थोडा पुढे आला, थांबला, मागे गेला, परत पुढे आला. हाताने एक हुकूम मिळालाय आणि कानाने दुसरा, आणि शरीर दोन्हीच्या मधे अडकलंय, हे डोळ्यांसमोर दिसतं.

अशा वेगवेगळ्या खुणा मोजायला बुश-फ्रान्सिस नावाची एक स्केल आहे, १९९६ ची. एकूण २३ गोष्टी, पैकी पहिल्या १४ तपासायच्या आणि त्यात दोन किंवा जास्त सापडल्या तर कॅटाटोनियाचा संशय पक्का धरायचा. या १४ मध्ये समोरच्याचे शब्द किंवा हालचाली पोपटासारख्या परत करणं, तोंड वेडंवाकडं करून ठेवणं, एकच निरर्थक हालचाल करत राहणं, सांगू त्याच्या बरोब्बर उलट करणं किंवा काहीच न करणं, हेही येतं. आणि एक गोष्ट घरच्यांना माहीतच नसते, कॅटाटोनिया नेहमी शांत नसतो. काही पेशंट कारण नसताना तासन्‌तास धावतात, कपडे काढतात, थांबतच नाहीत, आणि मग एकदम गोठतात. दोन्ही एकाच आजाराची तोंडं आहेत. त्या मुलीचा पूर्ण स्केलवरचा स्कोअर २१ आला.

पण स्कोअर काढत बसण्याआधी नर्सने बाकीचं बघितलं होतं. नाडी ११२, जीभ कोरडी, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली जाणारी. पोटाच्या खालच्या भागात फुगवटा लागत होता. कॅथेटर घातला तर जवळजवळ ९०० मिली लघवी आली. म्हणजे ती जागी असून, मूत्राशय भरलेलं असून, उठून जाता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. टाचेवर लाल डाग पडायला लागलेला. मेडिकल इमर्जन्सी म्हणतो ती ही. कॅटाटोनियातला माणूस बहुतेक वेळा मनाच्या आजाराने जात नाही, तो न हलण्याने आणि न पिण्याने जातो. पाय हलत नाहीत म्हणून पोटरीत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली की काही मिनिटांत सगळं संपू शकतं. पाणी नाही म्हणून किडनी बसते. थुंकी गिळली जात नाही म्हणून न्यूमोनिया होतो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी सलाइन, त्यात थायामिन (उपाशी माणसाला आधी हे द्यायचं आणि मग ग्लुकोज), रक्त गुठळू नये म्हणून पोटावर इंजेक्शन, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं मानसोपचाराच्या आधी किंवा निदान बरोबरीने सुरू होतं.

आणि मग ती टेस्ट, जी मी इतक्या वर्षांत किती वेळा केलीय ते आठवत नाही तरी प्रत्येक वेळी बघायला मला आवडतं. लोराझेपाम १ मिलिग्रॅम, पातळ करून, शिरेतून, सावकाश. ऑक्सिजन मीटर बोटाला लावलेलं, कारण हे औषध श्वास मंद करू शकतं. पाच मिनिटं थांबायचं आणि परत तपासायचं. पाच मिनिटांनी तिच्या पापण्या नेहमीसारख्या लवायला लागल्या, बस, बाकी काही नाही. अजून १ मिलिग्रॅम. मी नर्सशी काहीतरी बोलत होतो तेवढ्यात तो वर राहिलेला हात हळूहळू खाली गादीवर आला. मग मान वळली. आणि दहाएक मिनिटांनी, पाच दिवसांनंतर पहिल्यांदा, फाटलेल्या आवाजात ती म्हणाली, 'पाणी.' तिची आई दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. परत स्कोअर केला तर ८. निम्म्याहून जास्त उतरला तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात.

यात गंमत बघा, लोराझेपाम हे झोपेच्या, गुंगीच्या औषधांतलं. तुम्हाला मला दोन मिलिग्रॅम शिरेतून दिलं तर आपण पेंगायला लागू. कॅटाटोनियातला माणूस त्यानेच जागा होतो, बोलतो, पाणी मागतो. मेंदूत गाबा नावाचं जे ब्रेक लावणारं रसायन आहे त्याचं काम हे औषध वाढवतं, आणि कॅटाटोनियात हालचालीच्या सर्किटमध्ये त्याच गाबाची गडबड असते असं मानलं जातं. पूर्ण यंत्रणा अजून उलगडलेली नाही पण परिणाम खोटा नाही, १९३० मध्येच ब्लेकवेन नावाच्या डॉक्टरांनी बार्बिट्युरेटचं इंजेक्शन देऊन मुके, गोठलेले पेशंट काही काळ बोलते करून दाखवले होते.

'काही काळ' हे मुद्दाम लिहिलं, कारण नातेवाईक इथेच फसतात. त्या मुलीने संध्याकाळी पाणी प्यायलं, आईशी चार वाक्यं बोलली, सगळे खूश, घरी नेऊ का विचारायला लागले. रात्री ती परत गोठली. एका इंजेक्शनचा असर काही तासांचा, आजार तिथेच असतो. मग आम्ही २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू केलं, ती किती पेंगते आणि श्वास कसा आहे ते बघत रोज वाढवत गेलो, तिसऱ्या दिवशी दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आलो. हा आकडा वाचून दचकू नका, इतर आजारात हा डोस मोठा वाटेल, कॅटाटोनियात याहून जास्तही लागतो, पण तो फक्त वॉर्डमध्ये नजरेखाली. घरात कुणाच्या तरी कपाटात ही गोळी आहे म्हणून भावाला देऊन बघू, असं अजिबात करू नका. सहाव्या दिवशी ती स्वतः उठून बाथरूमला गेली.

बोलायला लागल्यावर तिने जे सांगितलं ते मी नंतर शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगत आलोय. तिला सगळं ऐकू येत होतं. 'मी हलले तर घरातलं कुणीतरी मरेल' हे तिला शंभर टक्के खरं वाटत होतं, म्हणून ती हलत नव्हती, आणि नंतर नंतर हलावंसं वाटलं तरी शरीर ऐकत नव्हतं. तिच्या उशाशी उभं राहून काका म्हणालेले, 'दोन कानाखाली द्या, आपोआप बोलेल.' तेही तिला जसंच्या तसं आठवत होतं. सगळ्यांनाच एवढं आठवतं असं नाही, पण पुष्कळांना आठवतं, आणि बऱ्याच जणांकडून एकच गोष्ट ऐकलीय, ती म्हणजे भीती. तेव्हा भावासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. हॉस्पिटलमध्ये काय करणार आहेत ते त्याला सांगत राहा, उत्तर येणार नाही तरी.

आता खाली मूळ आजार कोणता? लोक गुगल करतात आणि 'स्किझोफ्रेनिया' वाचून हादरतात. कार्ल काल्बाउम या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये कॅटाटोनिया हे नाव दिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हा एक स्वतंत्र आजार होता, नंतर तो स्किझोफ्रेनियाच्या पोटात ढकलला गेला आणि शंभर वर्षं तिथेच राहिला. माझ्या शिक्षणातही आम्ही तसंच पाठ केलं, आणि त्यापायी आमच्या पिढीने किती डिप्रेशनचे पेशंट चुकीच्या औषधांवर ठेवले असतील कुणास ठाऊक. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तो इतर आजारांबरोबरही लिहिता येईल असं नीट वेगळं केलं. प्रत्यक्षात तीव्र डिप्रेशन आणि बायपोलर यात तो खूप वेळा दिसतो, त्या मुलीलाही डिप्रेशनच होतं, आईने नीट आठवल्यावर कळलं की आधीचे तीन आठवडे ती झोपत नव्हती आणि आपल्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं म्हणत होती. स्किझोफ्रेनियातही होतो. आणि बऱ्याच वेळा कारण मानसिक नसतंच.

हे शेवटचं वाक्य थोडं ताणतो. एक १९ वर्षांचा मुलगा माझ्याकडे असाच मुका आणि ताठ आला होता, त्याच्याही लोराझेपामच्या टेस्टला थोडा प्रतिसाद मिळाला आणि आम्ही निवांत झालो. तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा चघळल्यासारखा आपोआप हलायला लागला, ताप आला, मग फिट. पाठीतलं पाणी काढून तपासलं तर एनएमडीए रिसेप्टरच्या विरुद्धची अँटिबॉडी निघाली, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलेली. त्याचा उपचार वेगळा, न्यूरोलॉजीकडे, स्टिरॉइड वगैरे. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली की 'हा कॅटाटोनिया आहे' एवढंच कळतं, तो कशामुळे आहे ते कळत नाही. दुसरा सापळा असा की काही फिट्स अशा असतात ज्यात झटके येतच नाहीत, माणूस नुसता थिजून बघत राहतो, आणि त्याही लोराझेपामनेच थांबतात! म्हणून ईईजी, रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे एमआरआय मागितले तर 'मानसिक आहे तर हे कशाला' असा वाद घालू नका. पहिल्यांदाच असं झालंय, वय कमी आहे, ताप किंवा फिट आहे, तर या तपासण्या तुम्हीच मागून घ्या.

तापाचं तर वेगळं सांगायलाच हवं. गोठलेला किंवा खूप उत्तेजित पेशंट, त्यात ताप चढला, अंग ताठ झालं, नाडी आणि बीपी वरखाली व्हायला लागलं, घामाने निथळला, की तो मॅलिग्नंट कॅटाटोनिया समजायचा. स्टाउडर यांनी १९३४ मध्ये याला सरळ 'प्राणघातक कॅटाटोनिया' असं नाव दिलं होतं. याची जागा वॉर्डमध्ये नाही, आयसीयूमध्ये. आणि अँटिसायकोटिक म्हणजे सायकोसिसची औषधं, खासकरून हॅलोपेरिडॉलसारखी जुनी आणि तगडी, कॅटाटोनियात दिली तर तो वाढू शकतो आणि जवळजवळ असंच दिसणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम होऊ शकतो. म्हणून त्या मुलीला आधी दिलेल्या इंजेक्शनबद्दल ऐकल्यावर मी लगेच तापमान आणि रक्तातलं सीपीके बघायला सांगितलं. स्नायू तुटायला लागले की सीपीके हजारांत जातं, तिचं ६४० होतं, म्हणजे वाढलेलं होतं पण आम्ही वेळेत होतो. तुम्ही भावासाठी हे एक वाक्य नक्की बोला, 'कॅटाटोनियाची शंका आहे, अँटिसायकोटिक देण्याआधी सायकियाट्रिस्टना विचाराल का?' कुणाला राग आला तर येऊ दे.

लोराझेपामने बहुतेकांना फरक पडतो, सगळ्यांना नाही. डोस नीट वाढवूनही काही दिवसांत हालचाल नाही, किंवा ताप आणि बीपीची गडबड सुरू झालीय, तर ईसीटी. हो, तेच ज्याला लोक 'शॉक' म्हणतात. भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात, अंगाला झटका जवळपास दिसतही नाही. कॅटाटोनियासाठी याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही माझ्या हाताशी नाही, आणि पुष्कळदा पहिल्या तीन-चार वेळांतच माणूस बोलायला लागतो. ईसीटीला नकार देऊन तीन आठवडे नाकातल्या नळीवर पडून राहिलेला आणि मग फुप्फुसात गुठळी गेलेला पेशंट मी बघितलाय. सही करायची वेळ आली आणि भीती वाटली तर 'न केल्यास काय होईल' हेही तेवढ्याच तपशीलाने विचारा. त्या काळात पुढची काही वर्षंच नाही तर पुढचे काही दिवसही मोजायचे असतात.

बरं झाल्यावर लोराझेपाम अचानक बंद करायचं नाही, ते आठवड्यांच्या हिशोबाने कमी करतात आणि मूळ आजाराचं औषध तोवर रुजवतात. कमी करताना एखाद्या डोसला माणूस परत मंद होतो, मग एक पायरी वर जाऊन थांबायचं. त्या मुलीचं पूर्ण बंद व्हायला तीन महिने लागले. दोन वर्षांनी तिच्या आईचा सकाळी फोन आला, म्हणाली, 'डॉक्टर, कंगवा केसांत घातलाय आणि पाच मिनिटं झाली हात तिथेच आहे.' मी म्हटलं, व्हिडिओ काढू नका आता, सरळ निघा. दुपारी बारापर्यंत दुसरा डोस गेला होता, आणि त्या वेळी कॅथेटर लागला नाही, सलाइनची एकच बाटली लागली, चौथ्या दिवशी ती घरी होती.